कराराच्या शेवटच्या पानावरची चार कलमे

करारातला वाद बहुधा दरावरून, मालाच्या दर्जावरून किंवा थकलेल्या बिलावरून सुरू होतो, पण त्याचा निकाल पुष्कळदा अशा कलमांवर लागतो ज्यांच्याबद्दल सही करताना कोणी अवाक्षरही काढलेले नसते. ही कलमे कराराच्या अखेरीस ‘संकीर्ण’ किंवा ‘सर्वसाधारण तरतुदी’ या मथळ्याखाली असतात, एका करारातून दुसऱ्या करारात जशीच्या तशी उतरवली जातात आणि वकिली बोलीत त्यांना बॉयलरप्लेट म्हणतात. त्यांपैकी एंटायर ॲग्रीमेंट म्हणजे संपूर्ण करार, वेव्हर म्हणजे हक्कसोड, नोटीस आणि असाइनमेंट म्हणजे करार दुसऱ्याकडे सोपवणे, ही चार कलमे एकाच व्यवहारात कशी काम करतात, हे येथे पाहायचे आहे. त्यासाठी पुणे परिसरात नेहमी आढळणाऱ्या व्यवहारांच्या धर्तीवर एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

भोसरी एमआयडीसीत एका गृहस्थाचे मशिनिंगचे वर्कशॉप आहे आणि ते त्यांच्या एकट्याच्या मालकीचे आहे. चाकणच्या एका वाहनभाग कंपनीशी त्यांनी 1 एप्रिल 2023 रोजी तीन वर्षांचा पुरवठा करार केला. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा दर नगाला 150 रुपये ठरला. बिलाची मुदत 45 दिवसांची ठेवली आणि उशीर झाल्यास वार्षिक 18 टक्के व्याज लागेल असेही ठरले. बैठकीत कंपनीच्या खरेदीप्रमुखांनी ‘महिन्याला चार हजार नग तर नक्कीच घेऊ’ असे सांगितले आणि तसा एक ईमेलही पाठवला. त्या भरवशावर मालकांनी कर्ज काढून नवे व्हीएमसी मशीन आणले. करारात मात्र एवढेच लिहिले होते की कंपनी वेळोवेळी देईल त्या शेड्यूलप्रमाणे माल पुरवायचा. मे 2024 पर्यंत चार हजारांची मागणी टिकली, जूनपासून ती दीड हजारांवर आली आणि मशीनचा हप्ता अंगावर येऊ लागला.

येथे पहिले कलम आडवे येते. ‘हा दस्तऐवज म्हणजे या विषयावरील उभयपक्षांमधील संपूर्ण करार असून यापूर्वीच्या सर्व चर्चा, पत्रव्यवहार व आश्वासने यात विलीन झाली आहेत’, असे एंटायर ॲग्रीमेंटचे कलम सांगते. हे कलम नसते तरीही लेखी करारातील अटींना छेद देणारा तोंडी पुरावा न्यायालय सहसा घेत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 91 व 92 मध्ये हा नियम होता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 94 व 95 मध्ये आला आहे. मात्र या नियमाला अपवाद आहेत. ज्या मुद्द्यावर दस्तऐवज गप्प आहे आणि जो दस्तऐवजातील अटींशी विसंगत नाही, अशा मुद्द्यावरील वेगळा तोंडी करार सिद्ध करता येतो. तसे करू देताना दस्तऐवज किती औपचारिक आहे, याचाही विचार होतो. किमान मागणीबद्दल करार गप्प होता, म्हणून वर्कशॉपच्या मालकांना हीच वाट धरावीशी वाटेल. एंटायर ॲग्रीमेंटचे कलम नेमकी ही वाट अरुंद करते, कारण जे लिहिलेले नाही ते ठरलेलेच नाही, असे दोघांनी त्यात सह्या करून मान्य केलेले असते.

या कलमाची ताकद अमर्याद नाही. फसवून किंवा चुकीची माहिती देऊन करार करवून घेतला, असे सिद्ध झाले तर ते ढाल ठरत नाही, कारण मग करारच रद्द करण्याजोगा होतो. पण ‘चार हजार नग घेऊ’ हा खरेदीप्रमुखांचा अंदाज होता की खोटे माहीत असूनही दिलेले वचन होते, हे सिद्ध करण्याचा भार मालकांवर येतो, आणि वर्षभर खरोखरच चार हजारांची मागणी आलेली असल्यामुळे तो पेलणे अवघड आहे. तपासणीच्या दृष्टीने यातून निघणारे काम साधे आहे. कलम वाचून पुढे न जाता आपल्या इनबॉक्समधील ईमेल, कोटेशन, बैठकीची टिपणे आणि ड्रॉइंग समोर ठेवायची, ज्यावर आपला पैसा अवलंबून आहे असे प्रत्येक वाक्य करारात किंवा परिशिष्टात आले आहे का ते पाहायचे, आणि आले नसेल तर सहीपूर्वी ते घालून घ्यायचे. समोरचा ते घालायला तयार नसेल, तर मशीन घेण्याआधीच त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे कलम मागे पाहते, पुढे नाही. करारानंतर येणाऱ्या प्रत्येक परचेस ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत कंपनीच्या स्वतःच्या अटी छापलेल्या असतात आणि त्यात कधी 45 ऐवजी 90 दिवसांची मुदतही असते. मूळ करार आणि ऑर्डर यांत विसंगती आल्यास कोणाचे चालेल, हे एका वाक्यात सांगितलेले नसेल, तर ‘संपूर्ण करार’ असे म्हणणाऱ्या दस्तऐवजानंतर दर महिन्याला नवा करार होत आहे, असा युक्तिवाद करायला जागा उरते.

आता व्याजाचा प्रश्न घेऊ. पहिल्या चौदा महिन्यांत दरमहा सुमारे सहा लाखांचे बिल होत होते आणि पैसे साधारण तीस दिवस उशिरा येत होते. अठरा टक्क्यांनी सहा लाखांवरील तीस दिवसांचे व्याज सुमारे 8,900 रुपये होते, म्हणजे चौदा महिन्यांचे सव्वा लाखाच्या आसपास. मालकांनी ते कधीच मागितले नाही, कारण गिऱ्हाईक दुखवायचे नव्हते. संबंध बिघडल्यावर त्यांनी ते मागितले आणि कंपनीने उत्तर दिले की इतके दिवस निमूटपणे उशिरा पैसे घेऊन तुम्ही तो हक्क सोडला आहे.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 63 प्रमाणे ज्याला वचन मिळाले आहे तो ते पाळण्यातून समोरच्याला पूर्ण किंवा अंशतः मोकळे करू शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो, आणि त्यासाठी नव्या मोबदल्याची गरज नसते. ही हक्कसोड शब्दांतून होते, तशीच ती वागण्यातूनही होऊ शकते. मात्र आपला हक्क काय आहे हे ठाऊक असताना तो जाणूनबुजून सोडला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 च्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या निकालात स्पष्ट केले आहे. नुसते गप्प बसणे आणि जाणीवपूर्वक सोडणे यांतले अंतर प्रत्येक प्रकरणात पुराव्यावर ठरते. वेव्हरचे कलम हे अंतर आधीच आखून ठेवते. ‘एखादा हक्क बजावण्यात उशीर किंवा कसूर झाली म्हणजे तो सोडला असे मानले जाणार नाही, आणि कोणतीही हक्कसोड लेखी व सहीनिशी असल्याखेरीज बंधनकारक होणार नाही’, असे त्याचे नेहमीचे रूप असते. आपल्या उदाहरणातील करारात ते होते, त्यामुळे व्याजाच्या मागणीत मालकांची बाजू बरी होती.

बरी म्हणण्याचे कारण असे की दर मार्चअखेर कंपनीच्या हिशेब विभागाकडून शिल्लक खात्रीपत्र येते, ज्याला सगळे बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात. ‘31 मार्च 2024 रोजी आमच्याकडून आपणांस येणे एकूण रक्कम अमुक असून त्याखेरीज कोणतेही येणे नाही’ अशा मजकुराखाली वर्कशॉपच्या हिशेबनिसाने शिक्का मारून सही केली होती, आणि त्या रकमेत व्याज धरलेले नव्हते. वेव्हरचे कलम लेखी व सहीचा कागद मागते, आणि येथे कंपनीच्या हाती तसाच कागद आला. हिशेबनिसाला हक्क सोडण्याचा अधिकार होता का, शिल्लक जुळवणे म्हणजे हक्क सोडणे होते का, असे प्रश्न मालकांना विचारता येतील आणि ते निरर्थकही नाहीत. पण ‘व्याजाचा हक्क राखून’ हे तीन शब्द सहीच्या वर हाताने लिहिले असते तर ते प्रश्न विचारावेच लागले नसते. म्हणून करार तपासताना हक्कसोडीच्या कलमात ‘संचालक किंवा मालक यांच्या सहीने, हक्कसोडीचा स्पष्ट उल्लेख असलेल्या पत्राने’ एवढी भर घालून घ्यावी, असे मी सुचवतो. तिला समोरच्याकडून फारसा विरोध होत नाही.

हे कलम दुसऱ्या दिशेनेही लागते, आणि तिकडे त्याची मर्यादा दिसते. 2023 च्या पावसाळ्यात मालकांचा माल दोनदा नऊ दिवस उशिरा पोहोचला, कंपनीने तो काही न बोलता उतरवून घेतला आणि दीड वर्षाने त्यासाठी नुकसानभरपाईचे डेबिट टाकले. करार अधिनियमाचे कलम 55 सांगते की वेळ हा ज्या कराराचा गाभा आहे तेथे उशिरा आलेली पूर्तता एकदा स्वीकारली, तर स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची नोटीस दिलेली असल्याखेरीज उशिरापोटी भरपाई मागता येत नाही. करारात वेव्हरचे कलम आहे म्हणून कायद्याने सांगितलेली ही नोटीस आपोआप दिली गेली, असे समजणे धोक्याचे आहे. शिवाय हे कलम स्वतःही वागण्यातून सुटू शकते, असा युक्तिवाद न्यायालयांपुढे येत असतो. करारात बदल लेखीच झाला पाहिजे, या अटीबाबत इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये, लंडनमधील कार्यालयाच्या जागेच्या थकबाकीवरून उद्भवलेल्या रॉक ॲडव्हर्टायझिंगच्या खटल्यात, अशी अट पक्षांना बांधून ठेवते असा निकाल दिला. भारतात पुरावा कायद्याचा एक अपवाद नोंदणी न लागणाऱ्या करारात नंतरचा तोंडी बदल सिद्ध करू देतो, त्यामुळे येथे त्या निकालावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

एक बाजूची गोष्ट सांगून पुढे जातो. वर्कशॉप सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार करारात कितीही मुदत लिहिली तरी ती 45 दिवसांपुढे जात नाही, आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. करारात काही वेगळे लिहिले असले तरी हे व्याज लागू राहते. तेव्हा करारातील 18 टक्क्यांवर वाद घालण्यापूर्वी हा रस्ता तपासून घ्यावा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मी नोटिशीच्या कलमात होताना पाहतो, कारण तेथे चूक टपाल खिडकीवर होते आणि कळते ती न्यायालयात. आपल्या करारात असे लिहिले होते: थकबाकी किंवा अन्य कसूर झाल्यास लेखी नोटीस द्यावी, नोटीस पोहोचल्यापासून तीस दिवसांत कसूर दूर न झाल्यास पुरवठा थांबवता येईल, नोटीस फक्त नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, संचालकांच्या नावे, रजिस्टर्ड पोस्ट ए.डी. ने पाठवावी, आणि टपालात टाकल्यानंतर चौथ्या दिवशी ती पोहोचली असे मानले जाईल. 2025 च्या सुरुवातीला पैसे येणे अगदीच थांबले, तेव्हा मालकांनी 3 मार्च 2025 रोजी खरेदीप्रमुखांना व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर नोटीस धाडली आणि तीच रजिस्टर्ड पोस्टाने चाकणच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवली, कारण माल रोज तेथेच जात होता. खरेदीप्रमुखांचे ‘बघतो’ असे उत्तर आले. 3 एप्रिलला मालकांनी पुरवठा थांबवला. कंपनीने उलट त्यांच्यावरच करारभंगाचा आरोप ठेवला.

पत्ता आणि व्यक्ती चुकली, ही पहिली अडचण. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय सेनापती बापट रस्त्यावर होते आणि चाकणला संचालक बसत नव्हते. नोटीस प्रत्यक्षात मिळाली आणि त्याचे उत्तरही आले, मग पद्धत चुकली म्हणून काय बिघडले, हा युक्तिवाद करता येतो आणि कधी कधी चालतोही. तो चालेल की नाही हे कलमाच्या शब्दांवर अवलंबून असते. ‘पाठवता येईल’ असे असेल तर इतर मार्गांना जागा राहते, ‘फक्त’ किंवा ‘अन्य कोणत्याही प्रकारे दिलेली नोटीस ग्राह्य धरली जाणार नाही’ असे असेल तर ती फारच आकसते. करार तपासताना या एका शब्दावर पेन ठेवावे.

दुसरी अडचण दिवसांच्या मोजणीची. पत्ता बरोबर असता असे क्षणभर धरले, तरी 3 मार्चला टपालात टाकलेली नोटीस कलमाप्रमाणे 7 मार्चला पोहोचली असे मानले जाते. ज्या दिवसापासून मोजायचे तो दिवस सोडला की 8 मार्च हा पहिला दिवस होतो आणि तिसावा दिवस 6 एप्रिलला येतो. पुरवठा 7 एप्रिलपूर्वी थांबवता येत नव्हता. मालकांनी टपालाच्या पावतीवरील तारखेपासून तीस दिवस मोजले, म्हणून ते चार दिवस आधी थांबले. ज्यांचे पैसे थकले होते त्यांनाच या चार दिवसांमुळे करारभंगाचा खुलासा करावा लागला. मोजणीचा प्रश्न असेल तेथे आठवडाभर जास्त थांबावे, असा सल्ला मी नेहमी देतो.

अशा ठरीव दिवसाच्या वाक्याचा उपयोग पाठवणाऱ्यालाही होतो. बरोबर पत्त्यावर, पुरेसे शुल्क भरून पाठवलेले टपाल पोहोचले असेच न्यायालय सामान्यतः गृहीत धरते, आणि ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यासह परत आलेले पाकीट पाठवणाऱ्याच्या विरुद्ध जात नाही. म्हणून परत आलेले पाकीट फोडू नये, ते पावतीसह तसेच फाइलमध्ये ठेवावे. जुन्या मसुद्यांबाबत एक नवी काळजीही आहे. टपाल खात्याने 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, पण करारांमध्ये अजूनही ‘रजिस्टर्ड पोस्ट ए.डी.’ हेच शब्द छापले जातात. तेथे ‘स्पीड पोस्ट, नोंदणी व पोचपावतीसह, किंवा नामांकित कुरिअर, आणि त्याच दिवशी पुढील ईमेल पत्त्यावर प्रत’ असे लिहून घ्यावे. ईमेलचा पत्ता व्यक्तीचा नसून पदाचा असावा, कारण खरेदीप्रमुख नोकरी बदलतात. ‘तीस दिवसांत नोटीस न दिल्यास दावा कायमचा संपुष्टात येईल’ असे वाक्य दिसल्यास मात्र फार घाबरू नये. मुदत संपताच हक्कच संपवणारी तरतूद 1997 च्या दुरुस्तीनंतर करार अधिनियमाच्या कलम 28 खाली त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरते. तरीही वेळेत नोटीस देणे केव्हाही स्वस्त पडते.

या नोटिशीत आणखी एक दोष होता आणि तो असाइनमेंटच्या कलमाकडे नेतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मालकांनी बँकेच्या सांगण्यावरून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, जीएसटी क्रमांक बदलला, आणि नोटीस नव्या कंपनीच्या लेटरहेडवर गेली. चाकणच्या कंपनीचा करार त्या गृहस्थांशी होता, त्यांच्या कंपनीशी नव्हता, आणि करारात ‘लेखी पूर्वसंमतीशिवाय कोणीही हा करार किंवा त्यातील हक्क दुसऱ्याकडे सोपवणार नाही’ असे कलम होते. भागीदारी संस्थेचे कंपनीत किंवा एलएलपीत रूपांतर कायद्यातील तरतुदीने झाले, तर मालमत्ता व देणी नव्या संस्थेकडे कायद्यानेच जातात. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला तशी सोय नाही. तेथे धंदा नव्या कंपनीला विकावा लागतो आणि प्रत्येक करार वेगळा न्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1962 च्या खरडा कंपनीच्या निकालात हा भेद मांडला आहे: करारातील हक्क, ते वैयक्तिक स्वरूपाचे नसतील आणि करारानेच मनाई केली नसेल तर, दुसऱ्याला देता येतात, पण करारातील जबाबदाऱ्या समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर टाकता येत नाहीत. पुरवठ्याची जबाबदारी टाकायची तर तिघांच्या सह्यांचा नवा करार लागतो.

ऑक्टोबरनंतर चाकणच्या कंपनीने परचेस ऑर्डर नव्या कंपनीच्या नावे काढल्या होत्या, त्यामुळे तिने वागणुकीतून संमती दिली असे म्हणता येईल. पण कलम लेखी पूर्वसंमती मागते, आणि येथे वेव्हरचे कलम मालकांच्याच विरुद्ध उभे राहते, कारण ‘आम्ही ती अट सोडली असा सहीचा कागद दाखवा’ असे कंपनी म्हणू शकते. उलट चाकणच्या कंपनीचे सगळे शेअर उद्या कोणी विकत घेतले, तर करार सोपवलाच गेलेला नसतो, कारण कंपनी तीच राहते आणि मालक तेवढे बदलतात. लहान पुरवठादाराला त्याची काळजी वाटत असेल तर नियंत्रण बदलल्यास करार संपवण्याचा हक्क वेगळ्या वाक्याने मागावा लागतो.

करार चालू असतानाही हे सुधारता येते. आपल्या उदाहरणात ऑक्टोबर 2024 मध्येच एक पुरवणी करार पुरला असता, ज्यात तिघांनी नव्या कंपनीला पक्ष म्हणून मान्य केले असते, तोवरचे येणे कोणाचे हे लिहिले असते, नोटिशीचे पत्ते अद्ययावत केले असते आणि व्याजाचा हक्क राखला असता. दुरुस्तीच्या कलमात जितक्या सह्या सांगितल्या असतील तितक्या त्यावर घ्याव्यात आणि मूळ कराराची तारीख त्यात नमूद करावी. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा किरकोळ करारांना शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो.